कॉर्ड चार्ट आणि टॅब कसे वाचावेत : गिटारवरील पहिल्या गाण्यासाठी

गिटार शिकू लागलेल्या व्यक्तीच्या हाती पहिल्या गाण्यासाठी साधारणपणे दोन प्रकारचे लेखन येते. एकात उभ्या-आडव्या रेषांची छोटी चौकट आणि तीत काही ठिपके असतात. त्याला कॉर्ड चार्ट म्हणतात. दुसऱ्यात सहा आडव्या रेषा आणि त्यांवर मांडलेले आकडे असतात. ते टॅब्लेचर, म्हणजेच व्यवहारात ‘टॅब’. पाश्चात्त्य स्टाफ नोटेशन न शिकताही ही दोन्ही लेखने वाचता येतात, म्हणूनच ती लोकप्रिय आहेत. मात्र दोन्हींचे स्वरूप एकच आहे : बोट कोठे ठेवायचे ते ती सांगतात, किती वेळ ठेवायचे ते बहुधा सांगत नाहीत.

पेटी किंवा कंठसंगीत शिकलेल्या वाचकाला हा फरक भातखंडे स्वरलिपीशी तुलना केल्यास चटकन उमगेल. त्या लिपीत स्वर आणि मात्रा दोन्ही लिहिलेल्या असतात, पण तो स्वर वाद्यावर कोणत्या जागी दाबायचा हे वादकाला स्वतः ठाऊक असावे लागते. टॅबमध्ये नेमके उलट आहे. जागा अचूक लिहिलेली असते, स्वराचे नाव नसते आणि मात्रा तर बहुधा नसतेच. चार्ट आणि टॅब अचूक वाचूनही गाणे ओळखू येत नाही, ते बहुतेक वेळा याच कारणाने.

उदाहरणासाठी बेथोव्हेनच्या नवव्या सिंफनीतील आनंदगीताची प्रसिद्ध चाल येथे घेतली आहे. ही सिंफनी ७ मे १८२४ रोजी व्हिएन्ना येथे प्रथम सादर झाली. चालीचा पहिला भाग केवळ पाच शुद्ध स्वरांत बसतो, तो गिटारच्या दोनच तारांवर वाजतो आणि साथीला दोन कॉर्ड पुरतात.

तारा, फ्रेट आणि बोटे

तारांची मोजणी बारीक तारेपासून होते. गिटार मांडीवर धरल्यावर जमिनीकडे असलेली सर्वांत बारीक तार ही पहिली आणि छताकडे असलेली सर्वांत जाड तार ही सहावी. जाड तारेपासून बारीक तारेकडे जाताना त्यांचे स्वर `E A D G B E` असे जुळवलेले असतात. सतारीवर ज्याला पडदा म्हणतात तोच येथे फ्रेट. त्याची मोजणी खुंट्यांच्या बाजूने सुरू होते. ‘पहिल्या फ्रेटवर बोट’ याचा अर्थ धातूच्या पहिल्या पट्टीच्या किंचित अलीकडे बोट. पट्टीच्या वर बोट ठेवल्यास आवाज दबतो आणि फार मागे ठेवल्यास तार खरखरते.

डाव्या हाताच्या बोटांनाही क्रमांक आहेत : तर्जनी १, मधले बोट २, अनामिका ३ आणि करंगळी ४. पियानोवर अंगठ्याला १ म्हणतात. गिटारवर तो मोजत नाहीत. हे आधी सांगण्याचे कारण असे की चार्टमधील आकडे बहुधा बोटांचे असतात, तर टॅबमधील आकडे नेहमी फ्रेटचे असतात. एकाच पानावर दोन्ही आले की नवशिका हमखास येथे गोंधळतो.

कॉर्ड चार्ट : उभी धरलेली गिटार

गिटार भिंतीला टेकवून, तारा आपल्याकडे करून उभी ठेवली असता तिचा गळा जसा दिसतो, तसा चार्ट काढलेला असतो. उभ्या रेषा म्हणजे तारा. डावीकडची सर्वांत जाड, म्हणजे सहावी. उजवीकडची सर्वांत बारीक, म्हणजे पहिली. वरची ठळक आडवी रेषा म्हणजे नट, अर्थात गळ्याच्या टोकाची खाच असलेली पट्टी. तिच्याखालचा पहिला कप्पा पहिल्या फ्रेटचा, दुसरा दुसऱ्याचा. `C` हा कॉर्ड असा दिसतो :

```
     C
 x     o   o
 E A D G B e
 ===========
 | | | | 1 |
 -----------
 | | 2 | | |
 -----------
 | 3 | | | |
```

वरच्या ओळीतील `x` म्हणजे ती तार वाजवायची नाही, आणि `o` म्हणजे ती बोट न ठेवता मोकळी वाजवायची. त्यानुसार तर्जनी दुसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर, मधले बोट चौथ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर आणि अनामिका पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर येते. तिसरी आणि पहिली तार मोकळी. उजव्या हाताचा आघात पाचव्या तारेपासून सुरू करायचा. हीच माहिती काही ठिकाणी `x32010` अशी एका ओळीत लिहितात. तेथे आकडे जाड तारेपासून बारीक तारेकडे वाचायचे. पण ते फ्रेटचे आहेत, बोटांचे नाहीत.

दुसरा कॉर्ड `G7` :

```
     G7
     o o o
 E A D G B e
 ===========
 | | | | | 1
 -----------
 | 2 | | | |
 -----------
 3 | | | | |
```

दोन्ही चार्ट शेजारी ठेवून पाहिले तर एक सोयीची गोष्ट ध्यानात येते. `C` वरून `G7` वर जाताना प्रत्येक बोट आपल्याच फ्रेटमध्ये राहते, केवळ तार बदलते. अनामिका पाचवीवरून सहावीवर, मधले बोट चौथीवरून पाचवीवर आणि तर्जनी दुसरीवरून पहिलीवर जाते. दोन चार्ट सुटे पाठ करण्याऐवजी बोटांची ही हालचाल लक्षात ठेवली तर बदल लवकर जमतो. पहिल्या गाण्यासाठी ही जोडी सुचवण्याचे कारणही तेच.

चार्ट बरोबर वाचला की नाही, याची परीक्षा कानानेच घ्यावी. कॉर्ड धरून तारा एकदम न छेडता पाचवीपासून पहिलीपर्यंत एकेक वाजवावी. `C` मध्ये पहिली तार ‘ठप्प’ वाजली तर तर्जनी आडवी पडून तिला टेकली आहे. तिसरी तार दबली तर बहुधा चौथ्या तारेवरील मधले बोट खाली झुकले आहे. दोन्ही वेळी उपाय एकच : बोटाचे टोक तारेवर उभे टेकवावे आणि मनगट किंचित पुढे घ्यावे. जोर वाढवून हा दोष जात नाही.

पुढे कधी चार्टच्या वर ठळक रेषा नसते आणि बाजूला `5fr` असे लिहिलेले असते. तेव्हा वरचा कप्पा पहिल्या फ्रेटचा नसून पाचव्या फ्रेटचा समजावा. अनेक तारांवरून गेलेली कमान म्हणजे एकच बोट आडवे टाकून त्या सर्व तारा दाबणे. असा कॉर्ड पहिल्या गाण्यात आलाच, तर दुसरे गाणे निवडणे अधिक शहाणपणाचे.

टॅब : आडवी ठेवलेली गिटार

टॅबमध्ये सहा रेषा आडव्या असतात. सर्वांत वरची रेषा बारीक तारेची, सर्वांत खालची जाड तारेची. मांडीवरच्या गिटारीत मात्र जाड तार वर असते. त्यामुळे टॅब उलटा छापला आहे असे पहिल्यांदा वाटते. गिटार मांडीवर आडवी ठेवून, तारा वर करून तिच्याकडे खाली पाहिले की हा क्रम उलगडतो. बारीक तार आपल्यापासून दूर, म्हणजे कागदावर वर दिसते. हा संकेत सर्वत्र एकच होता असे नाही. व्हेनिसमध्ये पेत्रुच्ची याने १५०७ मध्ये स्पिनाचीनोचे ल्यूटवादनाचे टॅब्लेचर छापले. त्या इटालियन पद्धतीत बारीक तार खालच्या रेषेवर असे. आजच्या गिटारच्या टॅबने मात्र बारीक तार वर हा क्रम कायम केला आहे.

रेषेवरील आकडा म्हणजे त्या तारेवर दाबायचा फ्रेट. `0` म्हणजे मोकळी तार. आकडे डावीकडून उजवीकडे एकामागून एक वाजवायचे. एकाखाली एक आलेले आकडे एकाच वेळी वाजवायचे. त्यामुळे `C` कॉर्ड टॅबमध्ये असा उभा दिसतो :

```
e|-0-|
B|-1-|
G|-0-|
D|-2-|
A|-3-|
E|---|
```

खालून वर वाचले की चार्टमधलीच माहिती परत मिळते. ज्या रेषेवर काहीच नाही ती तार वाजवायची नाही.

आता चाल. तिच्या पहिल्या ओळीचे चार खंड पुढीलप्रमाणे आहेत. खालच्या चार तारा वापरात नसल्याने त्यांच्या रेषा गाळल्या आहेत :

```
   C         G7
e|-0-0-1-3-|-3-1-0---|
B|---------|-------3-|

   C         C   G7
e|-------0-|-0-----|
B|-1-1-3---|---3-3-|
```

`C` ला सा मानल्यास पहिली मोकळी तार ग, तिचा पहिला फ्रेट म आणि तिसरा फ्रेट प. दुसऱ्या तारेचा पहिला फ्रेट सा आणि तिसरा फ्रेट रे. म्हणजे ही ओळ अशी होते : ग ग म प, प म ग रे, सा सा रे ग, ग रे रे. पेटी जवळ असेल तर आधी तीवर वाजवून चाल कानात बसवावी. फ्रेट आणि बोट यांची सोपी जोडी अशी : पहिल्या फ्रेटला तर्जनी, तिसऱ्याला अनामिका.

टॅब उलटा वाचला तर काय होते, हे या चालीत फार स्पष्ट कळते. पहिली आणि सहावी या दोन्ही तारा `E` याच स्वराच्या आहेत. म्हणून वरची रेषा चुकून जाड तार समजली, तरी पहिले सात स्वर बरोबरच येतात, फक्त खर्जात. आठव्या स्वरापाशी बिंग फुटते. दुसऱ्या तारेऐवजी पाचव्या तारेचा तिसरा फ्रेट दाबला जातो आणि रेच्या जागी सा वाजतो. त्यानंतर साच्या जागी कोमल नी येतो. चाल आरंभी ओळखीची पण भलतीच जाड वाटली आणि दुसऱ्या खंडाच्या शेवटी घसरली, तर बोटांना दोष न देता कागदाची दिशा तपासावी.

आकड्यांमध्ये कधी अक्षरे येतात. `0h1` म्हणजे मोकळी तार छेडून, ती वाजत असतानाच पहिल्या फ्रेटवर बोट आपटणे. `1p0` म्हणजे त्याच्या उलट, बोट तारेला किंचित ओढून उचलणे. `1/3` म्हणजे बोट न उचलता घसरत जाणे. तारेवरील `x` म्हणजे बोटाने तार झाकून केवळ ठोका वाजवणे. चार्टवरील `x` तार वाजवू नका असे सांगतो, टॅबमधील `x` मात्र वाजवायला सांगतो. चिन्ह एक असले तरी अर्थ भिन्न आहेत.

जे लिहिलेले नाही : मात्रा

वरच्या टॅबमधील चौथा खंड पुन्हा पाहावा. त्यात तीनच आकडे समान अंतरावर आहेत, पण खंड चार मात्रांचा आहे. तिन्ही स्वर सारखेच लांब वाजवले तर चाल लंगडते. पहिले तीन खंड सुरळीत जातात, कारण तेथे प्रत्येक मात्रेला एक स्वर आहे. अडचण केवळ येथे आहे. चालीत ग दीड मात्रेचा, पहिला रे अर्ध्या मात्रेचा आणि दुसरा रे दोन मात्रांचा आहे. मात्रांचे आकडे खाली लिहून तोच खंड मोकळा केला की तो असा दिसतो :

```
e|-0---------------|
B|-------3-3-------|
   1   2 + 3   4
```

`+` म्हणजे दोन मात्रांच्या मधली जागा. भातखंडे पद्धतीत हेच लिहायचे तर पहिल्या मात्रेत ग, दुसरीत आडवी रेघ आणि रे एका अर्धचंद्रात, तिसरीत रे आणि चौथीत पुन्हा रेघ. टाळी देत हा खंड तोंडाने म्हणावा आणि मगच वाजवावा.

काही टॅबमध्ये आकड्यांतील मोकळी जागा मात्रांच्या प्रमाणात सोडलेली असते, काहींत नसते. हे ओळखण्याची एक रीत आहे. एका खंडातील आडव्या रेघा मोजाव्यात. प्रत्येक खंडाची लांबी सारखी असेल तर अंतराला अर्थ असण्याची शक्यता आहे. वरच्याप्रमाणे शेवटचा खंड आखूड असेल तर अंतरावर विसंबू नये. कोणत्याही स्थितीत मूळ गाणे अनेकदा ऐकणे हाच मात्रेचा खरा आधार आहे. म्हणून पूर्वी न ऐकलेले गाणे केवळ टॅबवरून बसवायला घेऊ नये.

चालीची दुसरी ओळ जवळजवळ पहिलीसारखीच आहे. पहिले तीन खंड तेच, चौथ्यात मात्र ग रे रे ऐवजी रे सा सा :

```
   G7  C
e|-------|
B|-3-1-1-|
```

मात्रांची वाटणी तीच, दीड, अर्धी आणि दोन. कॉर्ड पहिल्या दोन मात्रांना `G7` आणि तिसऱ्या मात्रेपासून `C`. चाल सावर येऊन थांबते आणि कॉर्डही घरी परततो.

साथ करताना प्रत्येक मात्रेला वरून खाली एक आघात, म्हणजे खंडाला चार आघात पुरेत. कॉर्ड बदलायचा असेल तेथे आधीच्या मात्रेचा आघात होताच बोटे उचलावीत, म्हणजे पुढच्या मात्रेवर ती नव्या जागी पोहोचतात. बदल उशिरा झाला तर हात थांबवू नये. मोकळ्या तारांवर आघात पडला तरी चालेल, पण मात्रा चुकता कामा नये. चाल दुसऱ्याने गावी किंवा पेटीवर वाजवावी. गाणारा पुढे गेला आणि गिटार मागे राहिली, तर लय कमी करावी.

शब्दांवर लिहिलेले कॉर्ड

मराठी-हिंदी गाणी शिकणाऱ्यांना चार्ट आणि टॅबपेक्षा तिसरा कागद अधिक वेळा भेटतो. त्यात गीताचे शब्द असतात आणि वरच्या ओळीत `C`, `Am`, `G7` अशी नावे. नुसते अक्षर म्हणजे मेजर कॉर्ड, पुढे लहान `m` म्हणजे मायनर. म्हणून `A` आणि `Am` यांत गल्लत करू नये. नाव ज्या अक्षराच्या डोक्यावर आहे, त्या अक्षराच्या उच्चाराबरोबर कॉर्ड बदलायचा. पुढचे नाव येईपर्यंत तोच कॉर्ड चालू ठेवायचा.

मोबाइलच्या पडद्यावर ही मांडणी सहज बिघडते. ओळ मोठी असेल तर ती मोडते आणि कॉर्डची नावे भलत्या शब्दांवर जाऊन बसतात. देवनागरीत जोडाक्षरे व मात्रा यांमुळे अक्षरांची रुंदी सारखी नसते, त्यामुळे सरक आणखी वाढते. फोन आडवा धरावा. तेवढ्याने न जमल्यास गाणे वहीत उतरवून, ऐकत ऐकत प्रत्येक कॉर्ड योग्य अक्षरावर लिहावा. कॉर्ड बहुधा सम किंवा ठळक ठोक्यावर बदलतो. कागदावरील बदल सतत ठोक्यांच्या मध्येच पडत असेल, तर मांडणी सरकली असावी.

कॅपो आणि गायकाची पट्टी

पानाच्या आरंभी `Capo 1` असे लिहिलेले असेल, तर पहिल्या फ्रेटवर कॅपो लावायचा. ही चिमट्यासारखी पट्टी सर्व तारा एकदम दाबते, म्हणजे नटच पुढे सरकतो. यानंतर चार्टमधील आणि टॅबमधील सर्व फ्रेट कॅपोपासून मोजायचे. `0` म्हणजे कॅपोने दाबलेली तार. बोटांची आकृती `C` चीच राहते, पण ऐकू येणारा कॉर्ड अर्ध्या स्वराने चढतो.

मराठी गायकाच्या भाषेत याचा हिशेब सोपा आहे. वरची चाल कॅपोविना `C` मध्ये, म्हणजे पांढरी एकमध्ये वाजते. गाणाऱ्याचा सा काळी एक असेल तर कॅपो पहिल्या फ्रेटवर. पांढरी चार असेल तर पाचव्यावर. पेटीवर पांढरी एकपासून हव्या त्या पट्टीपर्यंत काळ्या-पांढऱ्या मिळून जितक्या पट्ट्या पुढे जावे लागते, तितक्या क्रमांकाचा फ्रेट. कॉर्ड अगदी बरोबर धरूनही मूळ ध्वनिमुद्रणाशी गिटार जुळत नसेल, तर प्रथम तारा सुरात आहेत का ते ट्यूनरवर पाहावे आणि नंतर कॅपोची सूचना नजरेतून सुटली आहे का ते पाहावे. चार्ट चुकीचा असण्याची शंका त्यानंतर घ्यावी.

ती शंकाही कधी कधी खरी ठरते, कारण इंटरनेटवरील बरेचसे चार्ट कोणीतरी ऐकून लिहिलेले असतात. पडताळणीसाठी गाण्यातील लांबवलेला स्वर निवडावा आणि त्यावर लिहिलेला कॉर्ड वाजवावा. `C` कॉर्डमध्ये सा, ग आणि प हे स्वर आहेत. चाल यांपैकी एखाद्यावर विसावली असेल तर तो कॉर्ड तेथे शोभतो. रेवर दोन मात्रा थांबताना मात्र `G7` लागतो, कारण त्यात प, नी, रे आणि म आहेत. वरच्या उदाहरणात पहिल्या ओळीचा शेवट रेवर `G7` घेऊन आणि दुसरीचा सावर `C` घेऊन होतो, तो याच कारणाने. या दोन जागी कॉर्डांची अदलाबदल करून ऐकावी. चुकीचा कॉर्ड कसा खटकतो हे एकदा कानाने ओळखले की पुढच्या गाण्यातील चुकीचा चार्टही त्याच खुणेने ओळखता येतो.